आकडे गोठले की मगच चार्ट: न्यूजलेटर आणि अहवालांसाठी डेटा व्हिज्युअलायझेशनचं फ्रीलान्स काम, रिव्हिजन आणि दर

एका संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी मी पाच चार्ट आणि एक एकपानी इन्फोग्राफिक केलं होतं. दुसरं रिव्हिजन मान्य झालं, रंग ठरले, फाइल छपाईला जाणार होती. तेवढ्यात मेल आला: लेखापरीक्षण पूर्ण झालंय, सुधारित आकडे जोडले आहेत, "फक्त आकडे बदलायचे आहेत". सहाच्या सहा चित्रांना हात लावावा लागला. एका चार्टमध्ये स्तंभांचा क्रमच पालटला, दुसऱ्याचा मथळा खोटा ठरला, इन्फोग्राफिकमध्ये वाढीचा बाण घटीचा झाला. अकरा तास गेले आणि त्यांचे पैसे मागायला माझ्याकडे कागदावर काहीच आधार नव्हता. करारात मी "तीन रिव्हिजन मोफत" एवढंच लिहिलं होतं, आणि क्लायंटच्या दृष्टीने हे तिसरं रिव्हिजन होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

चार्टच्या कामात वेळ कुठे जातो आणि कोणत्या बदलाला रिव्हिजन म्हणायचं, हे मला तेव्हापासून कळायला लागलं. पुढे लिहिलंय ते अहवाल आणि त्यातूनच निघणारं न्यूजलेटर, अशा जोडकामाबद्दल. नवख्या फ्रीलान्सरकडे हेच काम सर्वात आधी येतं आणि दर सर्वात जास्त चुकतो तोही इथेच.

कोटेशनआधी फाइल मागा

"सहा चार्टचे किती घ्याल?" या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका. आधी डेटाची फाइल मागा, अर्धवट असली तरी चालेल. फाइल न बघता दिलेला दर हा अंदाज असतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच खिशातून भरून काढावा लागतो.

फाइल उघडल्यावर पहिला अर्धा तास मी काही काढत नाही, नुसती वाचते. एक ओळ म्हणजे काय, एक माणूस की एक केंद्र की एक महिना? सगळ्या वर्षांत मोजणी एकाच पद्धतीने झालीय का? रिकामा चौकोन म्हणजे शून्य, की माहिती नाही? हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला, तर रेषालेखात मधल्याच एका वर्षी रेषा तळाला आपटते आणि वाचकाला वाटतं त्या वर्षी काम बंद होतं.

नेहमी सापडणारी एक चूक जवळून दाखवते. कार्यक्रमांच्या प्रकारांनुसार उपस्थितीचा तक्ता आला होता, खाली "एकूण" ओळ. क्लायंटने स्वतः काढलेल्या नमुन्याच्या वर्तुळालेखात सगळे आकडे निवडताना ती ओळही निवडली गेली होती. परिणामी प्रत्येक प्रकाराचा वाटा खऱ्याच्या बरोबर निम्मा झाला. ओळखायची खूण सोपी आहे: वर्तुळात एखादी फोड अगदी ५० टक्के दिसली की तिचं नाव वाचा. म्हणून मी तपासणीचा एक चौकोन नेहमी ठेवते. बी२ ते बी९ मध्ये प्रकार आणि बी१० मध्ये क्लायंटची बेरीज असेल, तर

```
=SUM(B2:B9)-B10
```

याचं उत्तर शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर काम पुढे नेऊ नका, विचारा.

दुसरी चूक मजकुरात सापडते. मुलींचा सहभाग ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला असेल, तर अहवालात कुणी "१२ टक्के वाढ" लिहितं, कुणी "४० टक्के वाढ". पहिल्याला म्हणायचं असतं १२ टक्केबिंदू. दुसऱ्याचं गणित बरोबर असतं, कारण १२ हे ३०च्या ४० टक्के आहेत. चार्टवर एक आणि शेजारच्या परिच्छेदात दुसरं छापलं की दोन्हींवरचा विश्वास उडतो. मी मथळ्यात सरळ "३० वरून ४२ टक्क्यांवर" असं लिहिते, म्हणजे वाद उरत नाही.

ही तपासणी हे कामच आहे आणि तिचे तास धरायचे असतात. मोठी किंवा विस्कळीत फाइल असेल तर मी एवढ्याच टप्प्याचं वेगळं छोटं बिल करते आणि बाकीचं कोटेशन त्यानंतर देते.

आधी वाक्य, मग आकार

डेटा कळला की प्रत्येक चार्टसाठी एक पूर्ण वाक्य लिहा आणि ते क्लायंटकडून मान्य करून घ्या. "केंद्रनिहाय सदस्यसंख्या" हे वाक्य नव्हे, ते लेबल झालं. "नवीन सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक फक्त दोन केंद्रांतून आले" हे वाक्य झालं. वाक्य ठरलं की आकार बहुतेक आपोआप ठरतो. इथे केंद्रं उतरत्या क्रमाने लावलेला आडवा स्तंभालेख, वरचे दोन स्तंभ गडद, बाकीचे राखाडी. केंद्रांची नावं लांब असतात म्हणून आडवा. उभ्या स्तंभाखाली ती तिरपी करावी लागतात आणि वाचताना मान वाकडी होते.

वाक्य आधी मान्य करून घेण्याचा खरा फायदा रिव्हिजनच्या वेळी दिसतो. "हा चार्ट नीट वाटत नाही" असं कुणी म्हणालं, की आपण विचारू शकतो: वाक्य पटत नाहीये, की वाक्य दिसत नाहीये? पहिलं असेल तर टप्पा मागे जातोय, दुसरं असेल तर ते माझं काम आहे.

यानंतर कच्चे आराखडे. कागदावर पेन्सिलीने काढून फोटो पाठवला तरी पुरतं. मुद्दाम बिनरंगी ठेवा. रंगीत आराखडा पाठवला की सगळी चर्चा निळ्या छटेवर होते आणि स्तंभ शून्यापासून सुरू होत नाही याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

साधनं: शेवटची फाइल कोणती, त्यावर निवड

साधन आवडीवरून निवडू नका, शेवटी काय द्यायचंय त्यावरून निवडा. आणि शेवटच्या क्षणी आकडा बदलला तर किती वेळ लागेल, हे त्याआधी बघा.

न्यूजलेटरसाठी डेटारॅपर मला सर्वात भरवशाचं वाटतं. आकडे तक्त्यात असतात, बदलले की चार्ट बदलतो, लेबलं नीट बसतात. मोफत खात्यातून पीएनजी मिळते आणि चार्टखाली त्यांचं नाव राहतं. छपाईसाठी लागणारी, कितीही मोठी केली तरी न फुटणारी वेक्टर फाइल, म्हणजे एसव्हीजी किंवा पीडीएफ, सशुल्क योजनेत येते. फ्लरिश हलत्या आणि क्लिक करता येणाऱ्या चार्टसाठी चांगलं आहे, पण मोफत खात्यातून प्रकाशित केलेलं काम सार्वजनिक असतं. अप्रकाशित अहवालाचे आकडे तिथे टाकणं म्हणजे क्लायंटचा विश्वास मोडणं. गोपनीय आकडे असतील आणि पैसे घालायचे नसतील तर रॉग्राफ्स आहे: मुक्त स्रोत, आकडे ब्राउझरमध्येच राहतात, एसव्हीजी बाहेर काढता येते. मात्र तिची लेबलं हाताने सजवावी लागतात. कोड येत असेल तर आर ही भाषा आणि तिचं चार्ट काढणारं पॅकेज जीजीप्लॉट२. दरवर्षी तोच अहवाल येणार असेल तर हा मार्ग दुसऱ्या वर्षी सगळी मेहनत परत करतो.

शेवटची सजावट इंकस्केप, फिग्मा किंवा इलस्ट्रेटरमध्ये होते, आणि धोका इथेच आहे. चार्ट एसव्हीजी म्हणून आत आणला की आकड्यांशी त्याचं नातं तुटतं. आता तो नुसता आयतांचा गठ्ठा असतो. इलस्ट्रेटरच्या स्वतःच्या ग्राफ टूलने काढलेला चार्टसुद्धा अनग्रुप केला की पुन्हा डेटातून बदलता येत नाही. सुरुवातीच्या प्रसंगात माझे अकरा तास गेले ते यामुळेच. आता आकडे अंतिम होईपर्यंत मी चार्ट डेटाशी जोडलेलाच ठेवते आणि सजावट सर्वात शेवटी करते.

लेबलं नागरी लिपीत असतील तर पहिल्याच दिवशी "प्रशिक्षणार्थी" हा शब्द टाइप करून एक्सपोर्ट करून बघा. काही साधनांत जोडाक्षरं फुटतात, वेलांटी जागा सोडते. हे शेवटी कळलं तर साधनच बदलावं लागतं. छपाईच्या अंतिम प्रतीत अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करून द्या आणि मूळ प्रत वेगळी जपा.

एकच चार्ट, दोन घरं

"अहवालातलेच चार्ट न्यूजलेटरला टाकायचे, ते तर तयारच आहेत ना?" हा प्रश्न हमखास येतो. ते तयार नसतात.

ईमेलमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही, त्यामुळे हलता चार्ट तिथे जात नाही. स्थिर चित्र आणि त्याला लिंक एवढंच शक्य आहे. जीमेलसारख्या ठिकाणी एसव्हीजी दिसत नाही, म्हणून पीएनजी. न्यूजलेटरची रुंदी साधारण ६०० पिक्सेल असते. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दुप्पट, म्हणजे १२०० पिक्सेलचं द्यायचं.

आता अक्षराचं गणित करून बघा. ६०० रुंदीचं चित्र फोनवर समासासकट जेमतेम ३३० मध्ये बसतं, म्हणजे सगळं ०.५५ पट होतं. कॉम्प्युटरवर छान दिसणारं १४ पिक्सेलचं लेबल फोनवर आठाच्याही खाली जातं. फोनवर १२ हवं असेल तर ६०० च्या मापात २२ धरायला हवं, १२०० च्या फाइलमध्ये ४४. एवढी मोठी अक्षरं आली की अहवालातले चौदा स्तंभ त्यात मावत नाहीत. मग वरचे पाच ठेवायचे, उरलेल्यांचा "इतर" करायचा, मथळा दोन ओळींत आणायचा. हा नव्याने केलेला संपादकीय निर्णय आहे, निर्यातीचं बटण नव्हे, म्हणून त्याचा दर वेगळा.

पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू नका. डार्क मोडमध्ये काळी अक्षरं काळ्यात विरून जातात आणि तक्रार तुमच्याकडे येते. चित्रं बंद ठेवून मेल वाचणारे बरेच असतात, तेव्हा पर्यायी मजकूर म्हणून मान्य झालेलं ते एक वाक्यच द्या. ते आधीच तयार असतं.

छपाईत गोष्ट उलटी. तिथे चौदा स्तंभ मावतात, पण पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईच्या सीएमवायके शाईंमध्ये मळकट होतो आणि पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ कागदावर नाहीशी होते. वेक्टर पीडीएफ द्या. चित्रच मागितलं तर ३०० डीपीआयने मोजा, म्हणजे १६० मिलिमीटर रुंदीला सुमारे १८९० पिक्सेल. न्यूजलेटरची १२०० ची फाइल तिथे कुणी परस्पर चिकटवली तर ती अंधुक दिसेल, म्हणून फाइलच्या नावातच "छपाई" किंवा "मेल" लिहा. लाल-हिरव्याची जोडी दोन्हीकडे टाळा: साधारण बारा पुरुषांत एकाला रंगभेद नीट दिसत नाही.

रिव्हिजन मोजायचं कसं

"तीन रिव्हिजन" असं नुसतं लिहिलं तर त्याला काही अर्थ नसतो. एका मेलमध्ये आलेले वीस बदल म्हणजे एक रिव्हिजन की वीस? तीन माणसांनी तीन दिवशी पाठवलेले, एकमेकांना छेद देणारे मेल म्हणजे किती? मी आता आकडा कमी ठेवते, दोन राउंड, पण प्रत्येक राउंडचा विषय ठरवून देते.

पहिला राउंड बिनरंगी आराखड्यावर. इथे चार्टचा प्रकार, क्रम, मथळा, काय वगळायचं, सगळं बदलता येतं. दुसरा राउंड रंगीत प्रतीवर. इथे रंग, लेबलांची जागा, शब्द. दुसऱ्या राउंडला कुणी "याऐवजी नकाशा करूया" म्हणालं तर तो पहिल्या टप्प्याकडे परत जाणं आहे आणि त्याचे पैसे वेगळे.

आकडे बदलणं या दोन्हींत येत नाही. त्यासाठी "आकडे गोठवण्याची" तारीख असते. आराखडे मान्य झाल्यावर मी वापरत असलेल्या फाइलची प्रत तारखेसह क्लायंटला परत पाठवते, `data_locked_0612.xlsx` अशी, आणि "या फाइलमधले आकडे अंतिम समजावेत" असं लेखी उत्तर घेते. लेखापरीक्षण बाकी आहे का, हे इथे तोंडाने विचारा. बाकी असेल तर सजावट सुरूच करू नका, तारीख पुढे न्या.

माझ्या करारातली कलमं अशी आहेत, हवी तर जशीच्या तशी घ्या:

"दरात दोन राउंड समाविष्ट आहेत: एक आराखड्यावर, एक रंगीत प्रतीवर. एक राउंड म्हणजे नेमलेल्या एका व्यक्तीने एकत्र करून पाठवलेली सूचनांची एक यादी. प्रत मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत यादी न आल्यास जितके दिवस उशीर होईल तितकेच दिवस पोचवण्याची तारीख पुढे जाईल. आकडे गोठवल्यानंतर डेटात बदल झाल्यास प्रत्येक बाधित चार्टसाठी किमान एक तास आकारला जाईल. माझ्याकडून झालेल्या चुकीची दुरुस्ती कधीही, विनामूल्य."

शेवटचं वाक्य गाळू नका. मी आकडा चुकीचा टाकला तर ते रिव्हिजन नाही, माझी जबाबदारी आहे. आणि हे लिहिलेलं असलं की बाकीची कलमं क्लायंटला जाचक वाटत नाहीत.

"एक व्यक्ती" हे कलम सर्वात जास्त वेळ वाचवतं. सूचना एकमेकींच्या विरुद्ध आल्या तर निवाडा तुम्ही करू नका. यादी परत पाठवा: "क्रमांक ४ आणि ९ एकत्र शक्य नाहीत, कोणती ठेवू?" आणि "जरा आकर्षक करा" अशी सूचना आली तर सरळ विचारा की वाचकाची नजर कुठे जायला हवी आणि आत्ता कुठे जातेय. दोनदा विचारल्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं की मुख्य आकडा लहान दिसतोय. ते पाच मिनिटांचं काम असतं.

दर: त्याच कामाचा हिशोब

दर कोणत्याही चलनात असो, हिशोब तासांत करा. आधी स्वतःचा तासाचा दर. महिन्याला लागणारी रक्कम घ्या, त्यात कर, सॉफ्टवेअर, सुट्ट्या, आजारपण धरा. तिला महिन्याच्या १७६ तासांनी भागू नका. पत्रव्यवहार, कोटेशनं, वसुली, शिकणं यांत वेळ जातो. माझ्या नोंदवहीत बिल करता येणारे तास महिन्याला ९५ च्या आसपास निघतात. ९५ ने भागलं की दर १७६ च्या तुलनेत १.८५ पट येतो, आणि खरा दर तोच.

आता तेच काम: पाच चार्ट, एक एकपानी इन्फोग्राफिक, त्यांतल्या तीन चार्टच्या न्यूजलेटर आवृत्त्या. चार्ट काढायला प्रत्येकी दोन तास म्हणजे १०, इन्फोग्राफिकला ६. नवखा माणूस इथे थांबतो आणि १६ तासांचा दर सांगतो. पण फाइल वाचणं आणि तपासणं ४, वाक्यं ठरवणं आणि बोलणी ३, आराखडे ३, दोन राउंड मिळून ५, न्यूजलेटर आवृत्त्या २, अंतिम फाइली आणि पर्यायी मजकूर १. बेरीज ३४. प्रत्यक्ष काढण्याचं काम निम्म्याहून कमी आहे. यावर अडचणींसाठी सुमारे १५ टक्के, म्हणजे ५ तास. कोटेशन ३९ तासांचं.

क्लायंटला मात्र मी तास दाखवत नाही. तपासणी आणि आराखडे मिळून एक रक्कम, प्रत्येक चार्टची एक, इन्फोग्राफिकची एक, न्यूजलेटर आवृत्तीची प्रत्येकी एक, अशा ओळी लिहिते. घासाघीस झालीच तर रक्कम कमी करायची नाही, ओळ कमी करायची: "एक चार्ट वगळूया", "न्यूजलेटर आवृत्त्या दोनच करूया". तपासणीची ओळ कधीच वगळत नाही, कारण चुकीचा आकडा छापला गेला तर नाव माझंही जातं. नुसता तासावर दर मी फक्त डेटाची अवस्था कळत नसेल तेव्हा लावते, आणि तेव्हा वरची मर्यादा लिहून देते.

दर महिन्याच्या न्यूजलेटरचं काम असेल तर पहिल्या अंकात साचा बसवण्याचा वेगळा दर घ्या: रंग, फॉन्ट, मापं, स्रोताची ओळ. पुढच्या अंकांचा दर कमी ठेवता येतो, पण डेटा कोणत्या वारी मिळायला हवा हे त्यातच लिहा. एकदा डेटा उशिरा घेतलात की पुढचे सगळे महिने तो उशिराच येतो.

पैसे तीन भागांत मागा: ४० टक्के सुरुवातीला, ३० आराखडे मान्य झाल्यावर, ३० अंतिम फाइली देताना. मधला हप्ता महत्त्वाचा आहे, कारण काम रद्द झालं तर डोक्याचं काम तोवर झालेलं असतं. शेवटच्या हप्त्यापर्यंत प्रतींवर "नमुना" अशी आडवी अक्षरं ठेवा.

मूळ संपादनयोग्य फाइल या दरात येते की नाही, हे सुरुवातीलाच लिहा. ती मागणं गैर नाही. संस्थेला पुढच्या वर्षी स्वतः आकडे बदलायचे असतात. मी ती कामाच्या एक चतुर्थांश रकमेला देते आणि सोबत एक पान जोडते: कोणता चार्ट कोणत्या शीटवरून, कोणता फॉन्ट, "इतर" मध्ये काय काय धरलंय आणि कोणत्या वर्षी मोजणीची पद्धत बदलली. फाइल विकत घेतली नाही तर हेच पान माझ्याकडे राहतं, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालाचं कोटेशन मी त्यावरून दहा मिनिटांत काढते.